मादाम, मेसियो आणि एक शिफारस

फ्रान्समध्ये नोकरी सोडताना मालकाला कायद्याने एक दाखला द्यावाच लागतो, ‘सेर्तिफिका द त्रावाय’. त्यात रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि सांभाळलेली पदं असतात. माणूस कामाला कसा होता, याबद्दल सहसा अवाक्षर नसतं. म्हणून नवी कंपनी जुन्या वरिष्ठाकडून शिफारस मागवते. ती देण्याची सक्ती मात्र नाही. हल्ली ती बहुधा ईमेलनेच जाते.

समजा, ल्योनमधल्या एका कंपनीतली हिशेब विभागाची प्रमुख तिच्या जुन्या सहकारी मुलीबद्दल लिहिते आहे. विषयाच्या ओळीत ‘रकोमांदास्यों’ हा शब्द आणि मुलीचं नाव. वाचणाऱ्याचं नाव माहीत नसेल तर सुरुवात ‘मादाम, मेसियो’ आणि स्वल्पविराम, बस्स. ‘प्रिय’ वगैरे नाही. पहिल्याच वाक्यात ती नातं आणि काळ सांगते: मार्च २०२० ते जून २०२४ ही मुलगी थेट माझ्या हाताखाली होती. भरती करणारा ही तारीख अर्जातल्या तारखेशी ताडून पाहतो. तिथे फरक पडला, तर पुढच्या कौतुकाकडेही तो संशयानेच बघतो.

खरं वजन असतं मधल्या परिच्छेदाला. ‘मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ’ असं कुणाबद्दलही लिहिता येतं, आणि असे मेल वाचून भरती करणारे विटलेले असतात. आमची प्रमुख त्याऐवजी एकच काम सांगते. बिलांची जुनी प्रणाली बदलताना दोन्हीकडच्या नोंदी या मुलीने जुळवून घेतल्या, आणि महिनाअखेरचा हिशेब पाच दिवसांऐवजी दोन दिवसांत बंद होऊ लागला. त्यातून नेटकेपणा आपोआप दिसतो. शेवटी ती ‘साँ रेझेर्व्ह’, म्हणजे हातचं काही राखून न ठेवता, शिफारस करते. हे दोन शब्द वगळून केवळ वक्तशीरपणाचीच तारीफ केलेली असेल, तर जाणता वाचक काय ते ओळखतो.

पुरुष सहकाऱ्यासाठी लिहिलेला जुना मेल नाव बदलून पाठवण्याची सवय इथे अंगाशी येते. फ्रेंच विशेषणं लिंगानुसार बदलतात. एखादं तसंच राहिलं की चोरी उघडी.

आजारपण, बाळंतपण, संघटनेतलं काम यांचा उल्लेख करायचा नाही. नव्या मालकाला उमेदवाराबद्दल विचारता येतं ते कामाशी थेट संबंधित तेवढंच, आणि अशी चौकशी होणार हे उमेदवाराला आधी कळलेलं असावं लागतं. म्हणून प्रमुख मेल धाडण्याआधी मुलीला विचारून घेते.

शेवटाला ‘बियाँ कोर्दियालमाँ’ पुरतं. कागदी पत्रातला ‘आपण माझ्या आदरपूर्वक नमस्काराचा स्वीकार करावा’ असा लांबलचक समारोप ईमेलमध्ये जरा जड वाटतो. खाली नाव, पद आणि फोन नंबर. तो नंबर शोभेचा नसतो. मेल आवडला की भरती करणारा त्यावर फोन करतो, आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा त्या पाच दिवसांचे दोन दिवस कसे झाले, हाच असतो.