बदकाची खारवलेली अंडी

चीनच्या जिआंगसू प्रांतातलं गाओयौ हे गाव बदकाच्या खारवलेल्या अंड्यांसाठी प्रसिद्ध आहे. चांगलं अंडं उकडून चिरलं की पांढरा भाग मऊ राहतो, बलक मात्र गडद केशरी आणि रवाळ असतो, कापताना त्यातून तेल ओघळतं. हे घरीही जमतं.

मीठ कवचाच्या छिद्रांतून आधी पांढऱ्यात शिरतं, मग बलकाकडे सरकतं. त्याच वेळी बलकातलं पाणी बाहेर निघतं, बलक घट्ट होतो. म्हणजे बलक तयार होईपर्यंत पांढरा भाग चांगलाच खारट झालेला असतो. पाणी फार तीव्र केलं तर बलकाच्या आधी पांढराच खाववेनासा होतो, आणि फिकं ठेवलं तर बलक घट्ट व्हायच्या आत अंडी नासायची भीती.

म्हणून दहा अंड्यांना मी एक लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घेते, म्हणजे साधारण २३ टक्के. पाणी उकळून मीठ विरघळवायचं आणि पूर्ण गार करायचं, कारण कोमट पाण्यात अंडी लवकर बिघडतात. अंडी ताजी आहेत का, हे साध्या पाण्यात बघावं. खाऱ्या पाण्यात ताजं अंडंही तरंगतं. दोन अंडी हलकेच एकमेकांवर टिचकवली आणि आवाज भद्द आला, तर एखाद्याला बारीक तडा असतो. ते लगेच शिजवून खावं, बरणीत घालू नये. अंडी धुवायची तर अंड्यापेक्षा किंचित कोमट पाण्याने. गार पाण्याने आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते.

काचेच्या बरणीत अंडी रचून गार पाणी ओतायचं. ती वर येतातच, म्हणून छोटी वाटी ठेवून सगळी बुडवायची. बरणी थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. कडक उन्हाळ्यात फ्रिज बरा, फक्त वेळ जास्त लागतो. तीन आठवड्यांनी एक अंडं काढून उकडून चिरा. बलकाच्या मध्यभागी अजून मऊ, फिका भाग दिसला तर बाकीची आणखी आठवडाभर राहू द्या. झाली की मात्र पाण्यातून काढाच, नाहीतर पांढरा खारटच होत जातो.

मिठाने अंडं टिकतं, पण त्यात साल्मोनेला असेल तर तो मरेलच असं नाही. त्यामुळे खारवलेलं अंडं कच्चं कधीच खायचं नाही. मंद उकळीत पंधरा मिनिटं ठेवायचं. कुबट वास आला, पाणी फेसाळलं किंवा बलक काळपट दिसला, तर चाखून न बघता फेकून द्यावं. वापरलेलं पाणी पुन्हा घेऊ नये. उकडलेली अंडी फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवावीत. रक्तदाबाचा त्रास असेल तर पांढरा बाजूला काढून थोडा बलकच भातावर कुस्करून घ्यावा, कारण मिठाचा बराचसा भाग पांढऱ्यातच असतो.