कोणती कॉर्ड कुणाची?

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन नुसती ‘पॉवर कॉर्ड’ मागितली, तर दुकानदार विचारतो, “कशाची?” मग गिऱ्हाईक सांगतं: कॉम्प्युटरची, लॅपटॉपची, टेपची. वस्तूच्या नावानेच इथे कॉर्ड ओळखली जाते आणि एरवी तेवढं पुरतंही. पण कॉर्डच्या तोंडाचा प्रत्येक आकार ‘आयईसी ६०३२०’ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेला आहे, आणि तो ठरवताना तीन गोष्टी पाहिलेल्या आहेत: करंट किती जाणार, अर्थिंग लागणार का आणि जिथे कॉर्ड खोचायची ती जागा किती तापणार.

आधी एक साधी गोष्ट. भिंतीकडच्या टोकाला पिना असतात, उपकरणाकडच्या टोकाला मात्र भोकं. कॉर्ड बोर्डात तशीच राहिली आणि दुसरं टोक जमिनीवर लोळत पडलं, तर त्या टोकात २३० व्होल्ट जिवंत असतात. तिथे पिना उघड्या असत्या तर रांगत्या पोराचा हात सरळ त्यांवर पडला असता. म्हणून उघडी पिन उपकरणाच्या खोबणीत आणि वीज कॉर्डच्या भोकात, अशी वाटणी आहे. मानकात कॉर्डच्या तोंडाला विषम आकडा मिळतो आणि उपकरणावरच्या खोबणीला त्यापुढचा सम. सी-७ तोंड सी-८ मध्ये बसतं, सी-१३ हे सी-१४ मध्ये.

सी-७ म्हणजे आपली आठच्या आकड्यासारखी दोन भोकांची कॉर्ड. रेडिओ, सेट-टॉप बॉक्स, छोटे प्रिंटर, बरेचसे टीव्ही यांना ही लागते. हिच्यात अर्थिंग नसतं, आणि ती काही काटकसर नाही. अशा उपकरणांत विजेच्या भागांभोवती आवरणाचे दोन थर असतात, त्यामुळे एक थर निकामी झाला तरी बाहेरचा भाग जिवंत होत नाही. मागच्या लेबलवर चौकोनात चौकोन काढलेला दिसला, की समजावं हे दुहेरी आवरणाचं उपकरण. हिची मर्यादा अडीच अँपिअरची. टीव्ही-प्रिंटरला ती भरपूर होते.

लॅपटॉपच्या अडॅप्टरची तीन गोल पाकळ्यांची कॉर्ड म्हणजे सी-५. दुकानात हिला कुणी ‘मिकी माऊस’ही म्हणतं. हिचीही मर्यादा अडीच अँपिअरच, पण तिसरी तार अर्थिंगची. ही तार काय करते ते ती नसताना कळतं. धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकवलं की कधी कधी मुंग्या आल्यासारखं होतं. अडॅप्टरमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून अगदी किंचित करंट बाहेरच्या बाजूला झिरपतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या हातातून वाट शोधतो. बोर्ड दोन पिनांचा असेल, तीन पिनी प्लगला दोन पिनी जोड लावला असेल किंवा घरात अर्थिंगच धड नसेल, तर हेच होतं. चार्जर काढल्यावर मुंग्या थांबल्या, तर कारण बहुधा हेच. मुंग्यांऐवजी झटका बसला तर मात्र प्रकरण निराळं. मग तो अडॅप्टर परत लावायचाच नाही.

खरा घोळ होतो तो कॉम्प्युटरच्या कॉर्डवरून. ही सी-१३, दहा अँपिअरची, अर्थिंगसह. इंग्लंडात हिलाच सर्रास किटलीची कॉर्ड म्हणतात, आणि ते चूक आहे. सी-१३ ला पिनेपाशी ७० अंश सेल्सिअसपर्यंतचं तापमान मंजूर आहे. किटली किंवा राइस कुकर यांसारख्या तापणाऱ्या भांड्यांसाठी सी-१५ ही वेगळी कॉर्ड असते आणि ती १२० अंश सोसते. दिसायला दोघी जुळ्या बहिणी, पण सी-१५ च्या तोंडावर अर्थिंगच्या भोकाच्या समोरच्या बाजूला एक खाच असते आणि कुकरच्या खोबणीत त्या खाचेत बसणारा उंचवटा. त्यामुळे कुकरची कॉर्ड कॉम्प्युटरला चालते, कॉम्प्युटरची कुकरला शिरत नाही. काही मंडळी यावर ब्लेडने खाच कोरून मार्ग काढतात. असा मार्ग काढणाऱ्याला कौशल्याचं श्रेय द्यावं आणि कॉर्ड कचऱ्यात टाकावी.

सगळ्याच तापणाऱ्या उपकरणांना मात्र हा उंचवटा नसतो. काहींना साधी सी-१४ खोबण असते, आणि तिथे आकार तुम्हाला अडवत नाही. समजा, अशा १,५०० वॅटच्या उपकरणाला कॉम्प्युटरमागची जुनी कॉर्ड लावली. २३० व्होल्टला करंट होतो साधारण साडेसहा अँपिअर. उपकरणाकडचं तोंड दहा अँपिअरचं आहे, पण आपल्याकडे त्या कॉर्डला भिंतीकडे बहुतेकदा सहा अँपिअरचा लहान प्लग असतो. म्हणजे पहिली मर्यादा तिथेच ओलांडली.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. वर्षानुवर्षं काढ-घाल करून तोंडातली पितळी पकड सैल होते आणि त्या जागी थोडा विरोध तयार होतो. तो फक्त ०.१ ओहम धरू. तिथली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. २०० वॅट घेणाऱ्या कॉम्प्युटरला एक अँपिअरहूनही कमी करंट लागतो, तेव्हा त्या सैल पकडीत वॅटचा दहावा हिस्साही तयार होत नाही. साडेसहा अँपिअरला तिथेच चार वॅटहून जास्त उष्णता साठू लागते, तीही एवढ्याशा पत्र्यात. तापून पकड आणखी सैल होते, मग आणखी तापते. म्हणून दहा वर्षं कॉम्प्युटरवर निमूट चाललेली कॉर्ड किटलीवर काही दिवसांत तपकिरी पडते. खूण सोपी आहे: वीस मिनिटांनी बटण बंद करून प्लग काढायचा आणि दोन्ही टोकं बोटांनी चाचपायची. कोमट असेल तर ठीक. हात पटकन मागे घ्यावासा वाटला, प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालं असलं किंवा जळका वास आला, तर कॉर्ड बदलावी. नवी घेताना वायरीवर आयएसआय चिन्ह आणि तारेची जाडी छापलेली आहे का ते पाहावं. १,५०० वॅटच्या वस्तूला एक चौरस मिलिमीटरची तार आणि सोळा अँपिअरचा मोठा प्लग मागावा.

अमेरिकेहून लॅपटॉप आणणाऱ्यांना या आकारांचा एक फायदा आहे. कन्व्हर्टर घेत बसायची गरज नाही. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर तीन पिनी प्लगची भारतीय सी-५ कॉर्ड लावली की काम झालं आणि अर्थिंगही मिळालं. कारण उपकरणाकडचा आकार जगभर एकच आहे.

धोकाही तिथेच आहे, कारण आकार व्होल्टेजबद्दल चकार शब्द काढत नाही. लेकीने तिथून पाठवलेला १२० व्होल्टचा, ५०० वॅटचा राइस कुकर इथल्या कॉर्डला बिनबोभाट बसतो. पण व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झालं की वॅट सुमारे पावणेचार पटींनी चढतात. तो ५०० वॅटचा कुकर १,८०० वॅटच्या पुढे जातो, आणि भात शिजण्याआधी त्याची कॉइल जळते. तेव्हा अशा कुकरला कॉर्ड शोधण्याआधी तो उलटा करून तळाचं लेबल वाचावं.