रविवारची संध्याकाळ सोमवारला का द्यायची?

आज आपल्याला मिळणारी रविवारची सुट्टी सहज मिळालेली नाही. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे लढा दिला. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पण आज आपल्यातील अनेक नोकरदार तरुणांची ही सुट्टी संध्याकाळी पाच-सहालाच संपते. छातीत धडधड, जेवणात लक्ष नाही, रात्री झोप नाही.

असे का होते? त्या वेळी सोमवारचे काम समोर नसते, त्यामुळे ते करून मोकळेही होता येत नाही. मन तेच तेच उगाळत राहते आणि काम आहे त्यापेक्षा मोठे दिसू लागते. म्हणून ते कागदावर उतरवावे. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढची कामे लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

समजा, पनवेलहून लोकलने रोज सव्वा-दीड तास प्रवास करून फोर्टला नोकरीला जाणारा आपला एक मित्र आहे. "उद्या खूप काम आहे" असे त्याने लिहिले तर उपयोग नाही. त्याने लिहावे: "साहेबांना अकरापर्यंत वसुलीचा तक्ता द्यायचा. दोन शाखांचे आकडे आलेले नाहीत. पोहोचल्यावर पहिला फोन त्यांना." मग कपडे इस्त्री करून बॅग भरावी आणि वही मिटावी. यादी करताना ऑफिसचा ग्रुप किंवा मेल उघडला, तर मात्र काम तिथेच सुरू होते आणि संध्याकाळ गेली.

दुसरे कारण झोपेचे. एरवी सहाला उठणारे आपण रविवारी दहाला उठलो, तर रात्री अकराला झोप येणार कशी? सुट्टीच्या दिवशी नेहमीपेक्षा तासभरच उशिरा उठावे.

चार-पाच रविवारच्या याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. दर वेळी कामे वेगळी असतील, तर ही सवय पुरेशी आहे. पण दर वेळी एकाच व्यक्तीची भीती, टोमणे किंवा जातीवरून होणारा अपमान निघत असेल, तर दोष आपल्या मनाचा नाही, कामाच्या जागेचा आहे. तिथे यादी पुरणार नाही. तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होते हे लिहून ठेवावे आणि युनियनकडे किंवा वकिलाकडे जावे.

आणि ही धास्ती रविवारपुरती न राहता दोन आठवडे रोजच झोप-भूक उडवत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतूनही.