बारा व्होल्टचा दुसरा पहारेकरी

मे महिन्यात पहूरच्या पत्र्याखालच्या दुकानात भिंतीवरच्या एसएमपीएसच्या जाळीला हात लावला, तर तो तापलेला लागतो. 230 व्होल्टचे 12 व्होल्ट करून चार कॅमेरे आणि डीव्हीआर चालवणारी ही डबी. ती उष्णतेने बिघडली, तर पुढे काय होते हे आत बसवलेल्या दोन संरक्षणांवर ठरते.

डबीला स्वतःचे व्होल्टेज कळते ते दोन रेझिस्टरांमुळे. ते 12 व्होल्टमधून अडीच व्होल्टचा वाटा काढून एका छोट्या आयसीला देतात. वाटा कमी झाला की जोर वाढवायचा, जास्त झाला की कमी करायचा, एवढेच तिचे काम. आता वरच्या रेझिस्टरचे डाग उन्हाळ्यानंतर उन्हाळा तापून सुटले असे समजू. आयसीला वाटा शून्य दिसतो. तिला वाटते व्होल्टेज पडले, म्हणून ती पूर्ण जोर लावते. बाराचे सोळा, मग अठरा होतात आणि सगळे कॅमेरे एकदम जळतात. आतला फ्यूज मात्र शाबूत राहतो, कारण 230 व्होल्टच्या बाजूला करंट मर्यादेबाहेर गेलेलाच नसतो.

इथे ओव्हरव्होल्टेज कटऑफ लागतो. चांगल्या डबीत एक झेनर डायोड वेगळ्या वाटेने आउटपुटवर नजर ठेवतो आणि साधारण 14 ते 16 व्होल्टला सप्लाय बंद पाडतो. 'वेगळ्या वाटेने' हे महत्त्वाचे. स्वस्त डबीत हे काही रुपयांचे भाग गाळलेले असू शकतात, किंवा कटऑफ त्याच दोन रेझिस्टरांवर विसंबलेला असतो. मग पहिला पहारेकरी आंधळा झाला की दुसराही होतो.

ओव्हरकरंट कटऑफ करंट मोजतो. 10 अँपिअरच्या डबीत तो बहुधा 11 ते 14 अँपिअरला तोडतो. थेट शॉर्ट झाला, तर डबी वाचते. तिचा दिवा लुकलुकतो, शॉर्ट काढला की ती पूर्ववत चालते. पण कॅमेऱ्याच्या जोडात पाणी शिरून अर्धवट शॉर्ट झाला आणि तिथे 2 ओहमचा अडथळा उरला, तर करंट फक्त 6 अँपिअर. डबीच्या लेखी सगळे ठीक. त्या एका जोडात मात्र 72 वॉट उष्णता तयार होते, म्हणजे 25 वॉटच्या जवळजवळ तीन सोल्डरिंग गन एकाच ठिकाणी. प्लॅस्टिक वितळते, ते इथे.

हा कटऑफ डबीसाठी आहे, वायरसाठी नाही. म्हणून अर्ध्या अँपिअरच्या प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतंत्र 1 अँपिअरचा फ्यूज लावावा. डबी घेताना तिचा माहितीकागद मागावा. त्यावर ओव्हरव्होल्टेज किती व्होल्टला आणि ओव्हरलोड किती टक्क्यांना तुटतो, हे आकडे नसतील, तर ती डबी घेऊ नये.