अर्धवेळ हिशेबनीस हवा: जाहिरातीत काय लिहाल?

काम कोणतं? बिलांच्या नोंदी, बँक ताळमेळ, जीएसटी विवरणपत्रांची तयारी. लेखापरीक्षण अहवालावर सही मात्र सनदी लेखापालाचीच लागते.

सॉफ्टवेअर : नुसतं ‘संगणकाचं ज्ञान’ पुरत नाही. ‘टॅली प्राइम’ असं नाव लिहावं, आणि जीएसटीच्या नोंदी त्यातच होतात का, हेही.

तास : एकूण तासांइतकंच महत्त्व तारखांना. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत पुढल्या महिन्याची ११ तारीख, जीएसटीआर-३बी ची २०. खरेदी पडताळायचं २बी विवरण १४ तारखेला तयार होतं. म्हणून महिन्याचे, समजा, २४ तास आठवड्यांत सारखे वाटले, तर नेमक्या गर्दीच्या दिवसांत माणूस हाताशी नसतो. वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असल्यास तिमाही विवरणपत्रांचा पर्याय आहे. कर तरीही दरमहा भरावा लागतो.

मोबदला : महिन्याचा आकडा आणि तास दोन्ही द्यावेत. ६,००० रुपये आणि २४ तास, म्हणजे ताशी २५०. मार्चअखेरच्या जादा तासांचा दरही आधीच ठरवावा.

नमुना : ‘हार्डवेअर दुकानासाठी अर्धवेळ हिशेबनीस हवा. टॅली प्राइम व जीएसटी नोंदींचा अनुभव आवश्यक. महिन्याला सुमारे १५० बिलं. २४ तास : १ ते १० तारखेत १४, १४ ते १९ मध्ये १०. मोबदला ६,००० रुपये. काम दुकानात बसून.’