‘घरी विचारून सांगतो’ म्हटल्यावर

छतावर सोलर बसवून देणाऱ्याला सगळ्यात जास्त कशाने अडवलं, असं विचारलं तर तो ‘महाग आहे’ हे उत्तर सांगणार नाही. महाग म्हणणाऱ्याशी बोलता तरी येतं. अडवतं ते ‘विचार करून सांगतो’ आणि त्याचंच भावंड, ‘घरी विचारून सांगतो’. गच्चीची मापं घेऊन झालेली असतात, वीजबिल पाहून झालेलं असतं, दुसरा चहाही झालेला असतो. एवढं झाल्यावर हे वाक्य येतं आणि सगळे उठून उभे राहतात.

यावर बहुतेक विक्रेते दोनपैकी एक गोष्ट करतात. एक म्हणजे ‘बरं, कळवा’ म्हणून कार्ड ठेवायचं आणि चपला घालायच्या. दुसरी म्हणजे जागच्या जागी किंमत उतरवायची: ‘आज नक्की करत असाल तर पाच हजार कमी करतो.’ दुसरी जास्त नुकसानीची. गिऱ्हाईक किमतीबद्दल अवाक्षरही बोललेलं नसतं, पण आता त्याला कळतं की सांगितलेल्या आकड्यात पाच हजार फुगवलेले होते. मग आणखी किती फुगवलेत, हा प्रश्न त्याच्या मनात आपसूक येतो. उद्या तो थोरल्या भावाशी बोलेल तेव्हा पहिलं वाक्य ‘एवढ्यात पाच हजार उतरले’ हे असेल, आणि भाऊ म्हणेल, अजून घासाघीस कर.

नील रॅकहॅम या ब्रिटिश अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बारा वर्षांत पस्तीस हजार विक्रीभेटींचं निरीक्षण केलं आणि १९८८मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातला एक निष्कर्ष इथे उपयोगी आहे. लहानसहान वस्तूंच्या विक्रीत शेवटी थोडा रेटा दिला तर चालून जातं, पण मोठ्या रकमेच्या खरेदीत तोच रेटा उलटा पडतो. दुसरा निष्कर्ष त्याहून नेमका आहे. भेट संपताना पुढचं ठरावीक पाऊल ठरलं नसेल, तर ‘छान वाटलं, विचार करतो, भेटू पुन्हा’ असं कितीही गोड बोलणं झालेलं असो, रॅकहॅमने ती भेट यशस्वी धरली नाही. आपल्याकडे तर तोंडावर ‘नको’ म्हणणं अपमानाचं मानतात. त्यामुळे गोड बोलण्यावरून अंदाज बांधणारा विक्रेता हमखास फसतो.

या एकाच वाक्याआड बहुधा तीनपैकी एक गोष्ट असते. कधी तो सभ्य नकार असतो. कधी एखादी शंका राहिलेली असते आणि ती बोलून दाखवायला गिऱ्हाईक संकोचतं. आणि कधी खरंच दुसऱ्या कोणाला विचारल्याशिवाय निर्णय होणार नसतो. तिन्हींना उत्तर वेगवेगळं लागतं, म्हणून आधी कोणती ते ओळखायला हवं.

समजा, कराडमधले एक शिक्षक. महिन्याचा वापर तीनशे युनिटच्या आसपास, बिल सरासरी तीन हजार रुपये. त्यांना तीन किलोवॉटचा संच पुरतो. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. विक्रेत्याने किंमत सांगितली एक लाख पंच्याण्णव हजार. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. म्हणजे पदरचे एक लाख सतरा हजार. बिलात महिन्याला सत्तावीसशे वाचले तर पैसे चार वर्षांच्या आत सुटतात. सर सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि म्हणतात, “चांगलं आहे. पुण्याच्या दादांशी बोलून सांगतो.”

जाणता विक्रेता इथे पहिल्यांदा सहमत होतो, आणि मनापासून. “बरोबर आहे सर. दीड-दोन लाखांची गोष्ट आहे, घर दोघांचं आहे. दादांना विचारायलाच पाहिजे.” एवढं बोलून तो थांबतो. ही दोन-चार क्षणांची शांतता बऱ्याच जणांना झेपत नाही आणि ते लगेच पॅनेलची पंचवीस वर्षांची हमी पुन्हा सांगायला लागतात. थांबलं तर समोरचा माणूस पुष्कळदा स्वतःच पुढचं बोलतो. नाही बोलला तर एक साधा प्रश्न पुरतो: “दादांनी हो म्हटलं असं धरू. मग तुमच्या स्वतःच्या मनात काही राहतं का?”

या प्रश्नाने दादा आणि सर वेगळे होतात. सर सहज म्हणाले, “नाही, मला पटलंय,” तर प्रश्न खरोखरच दादांचा आहे. पण ते अडखळले, घड्याळाकडे पाहिलं, “बघू, तसं काही नाही” असं म्हणाले, तर दादा ही आड धरलेली ढाल आहे. या घरात सर अडखळले. मग विक्रेत्याने किंमत काढली नाही, बिल पुन्हा हातात घेतलं. बिलावर सरांच्या वडिलांचं नाव होतं आणि वडील जाऊन सहा वर्षं झाली होती.

गाठ तिथे होती. अर्ज वीजग्राहकाच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच्याच बँक खात्यात जमा होतं. मीटर वडिलांच्या नावावर असेपर्यंत पुढे सरकता येत नाही. महावितरणकडे नाव बदलायचं तर मृत्यूचा दाखला लागणार आणि इतर वारसांची संमतीही, म्हणजे दादांची सही. आणि घराच्या नावाचा विषय सहा वर्षांत दोघा भावांनी काढलेलाच नव्हता. परक्या माणसासमोर हे बोलण्यापेक्षा ‘विचारून सांगतो’ सोपं होतं. त्या क्षणी विक्रेत्याने दहा हजार उतरवले असते तरी हा सौदा हलला नसता.

दादांशी बोलायचं आता नक्की झालं, पण बोलणार आहेत सर, विक्रेता नाही. फोनवर सरांना तासाभराचं बोलणं दोन मिनिटांत सांगायचं आहे, आणि त्यांना त्यातलं निम्मंच आठवणार. म्हणून विचारायचं: “दादा पहिलं काय विचारतील असं वाटतं?” भावाचा स्वभाव सरांइतका कोणाला माहीत नसतो. ते सांगतात: स्लॅबला भोकं पाडणार का, गळती लागली तर कोण बघणार, आणि उद्या वर मजला चढवायचा ठरला तर या पॅनेलचं काय करायचं.

ही उत्तरं तिथेच, एका कागदावर, सरांसमोर लिहायची. सांगाडा स्लॅबला न ठोकता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा करता येतो. पुढे मजला चढवला तर संच उतरवून पुन्हा बसवता येतो, पण त्याचा खर्च वेगळा पडतो. तो लपवायचा नाही, दादा तो शोधून काढतीलच. आणखी एक ओळ लिहायला हवी, तीच पुष्कळ जण गाळतात: अनुदान संच सुरू झाल्यावर जमा होतं, त्यामुळे आधी पूर्ण रकमेची सोय करावी लागते, पदरची किंवा बँकेच्या कर्जाची. हे नंतर कळलं की घरात ‘तू नीट विचारलं नाहीस’ यावरून वाद होतो आणि विक्रेत्याचा फोन उचलणं बंद होतं.

दादा एकटेच निर्णय घेतात असंही नाही. सगळी बोलणी दिवाणखान्यात पुरुषमंडळींत होतात, पण तीन किलोवॉटला साधारण तीनशे चौरस फूट गच्ची जाते, आणि त्या गच्चीवर एप्रिल-मेमध्ये कुरडया, पापड, सांडगे वाळतात. पाण्याची टाकी, कपड्यांच्या दोऱ्याही तिथेच. ‘घरी विचारून सांगतो’ यातलं घर पुष्कळदा या गच्चीवरच असतं. विक्रेत्याने वहिनींना गच्चीवर बोलावून खडूने जागा आखून दाखवली की शंका तिथल्या तिथे कळते: टाकी धुवायला जायचं कुठून? सांगाडा सात-आठ फूट उंच केला तर खालून चालता येतं, पण पॅनेलची सावली पडत असल्याने पापडांना ऊन मिळत नाही. शिवाय लोखंड वाढतं, वाऱ्याचा जोर जास्त बसतो आणि खर्च चढतो. मग अर्ध्या गच्चीवर सांगाडा आणि अर्धी मोकळी, असाही तोडगा निघतो.

याची सुरुवात खरं तर पहिल्या फोनपासूनच करायला हवी. भेटीची वेळ ठरवतानाच विचारायचं, “घरातले सगळे केव्हा असतात?” ‘निर्णय कोण घेतं?’ असं मात्र विचारू नये. ते कर्त्या माणसाला खोचक लागतं, आणि मग तो ‘मीच घेतो’ म्हणतो, जे बऱ्याचदा खरं नसतं. भाऊ परगावी असेल तर रविवारी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं मागता येतात: “दादांच्या प्रश्नांची उत्तरं मीच देतो, तुम्हाला त्रास नको.” यालाही नाही म्हटलं तर आग्रह करू नये. काही घरांत भावांचं आपसात बोलून झाल्यावरच बाहेरच्याला बोलावतात.

मुदतीची धमकी हा जुना, सवयीचा उपाय. ‘अनुदान या महिन्यात संपतंय’, ‘फक्त दोन संच शिल्लक आहेत’. केंद्र सरकारने २०२३मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत खोटी घाई निर्माण करणं हाही प्रकार नावानिशी दिला आहे. दिवाणखान्यातल्या बोलण्यावर कोणी नजर ठेवत नाही, पण दादा पुण्यात बसून दोन मिनिटांत योजनेच्या संकेतस्थळावर पाहू शकतात. दरपत्रकाची मुदत खरोखर पंधरा दिवसांची असेल तर ती छापून द्यावी आणि नंतर पाळावी.

निघताना दिवस ठरवायचा: “दादांशी रविवारी बोलणं होईल ना? मग मंगळवारी संध्याकाळी सहानंतर फोन करू का?” दिवस सांगायला तयार असलेलं गिऱ्हाईक बहुधा विचार करणार असतं. ‘नको, मीच करतो’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण नकार देऊन मोकळे झालेले असतात. त्यांना सुटायला वाट द्यावी: “सर, नाही जमलं तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही. मी पुन्हा पुन्हा फोन करून त्रास देणार नाही.” हे ऐकून काही जण तिथेच ‘सध्या मुलीच्या ॲडमिशनचं आहे हो’ असं खरं कारण सांगून टाकतात. मग जूनमध्ये फोन करायचा की अजिबात नाही, हे विचारून घेता येतं.

मंगळवारी फोन करताना ‘काय ठरलं?’ असं विचारू नये, त्याचं उत्तर ‘अजून नाही’ हेच येतं. सरांना विचारायचं ते असं: “दादा सहीला कधी येतायत? वारसांच्या संमतीच्या अर्जाचा नमुना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवू का?” सर म्हणाले गणपतीला येणार आहेत, तर नमुना पाठवायचा, दरपत्रकाची मुदत तोवर संपेल आणि नवा दर वेगळा असू शकेल हे आताच सांगायचं, आणि गणपतीपर्यंत फोन करायचा नाही.