जुनं ‘डूम’, नवा माऊस

‘डूम’ १९९३ साली आलं. आयडी सॉफ्टवेअरने १९९७च्या डिसेंबरमध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला. आज विंडोज किंवा लिनक्सवर हा गेम सहज चालतो तो त्यामुळेच. हौशी प्रोग्रामरांनी त्या कोडवरून आजच्या संगणकासाठी जी रूपं घडवली, त्यांना सोर्स पोर्ट म्हणतात. जीझेडडूम हे त्यातलं सर्वांत ओळखीचं.

मात्र खुला झाला तो फक्त कोड. राक्षस, भिंती, आवाज, नकाशे हे सगळं ज्या डब्ल्यूएडी फाइलमध्ये असतं, ती कंपनीच्या मालकीचीच राहिली. म्हणून जीझेडडूम फुकट उतरवलं, तरी ते आधी `doom2.wad` मागतं. ती विकत घेतलेल्या ‘डूम २’च्या फोल्डरमध्ये सापडते. तिथून तिची प्रत जीझेडडूमच्या फोल्डरमध्ये टाकायची.

मग नवे नकाशे. एरिक आल्म यांचा २००३चा ‘सायद’ घ्या. बत्तीस नकाशे, सुरुवातीचे अगदी छोटे आणि शेवटचे घाम काढणारे. `scythe.wad` त्याच फोल्डरमध्ये ठेवून हा आदेश द्यायचा:

```
gzdoom -iwad doom2.wad -file scythe.wad
```

इथे एक चूक हमखास होते. `doom2.wad`च्या जागी पहिल्या भागाची `doom.wad` दिली, तर गेम सुरू होतो, पण समोर येतो तो जुनाच पहिला नकाशा. कारण पहिल्या भागात नकाशांची नावं `E1M1` अशी, तर दुसऱ्यात `MAP01` अशी असतात. ‘सायद’चे नकाशे दुसऱ्या पद्धतीचे असल्याने पहिल्या भागाला ते दिसतच नाहीत. संचासोबत बहुतेकदा एक छोटी मजकूर-फाइल येते. तो कोणत्या भागासाठी आहे, हे तिच्यात लिहिलेलं असतं, पण ती वाचतो कोण!

आता माऊस. मूळ गेममध्ये वर-खाली बघता येत नसे. माऊस पुढे ढकलला की खेळाडूच पुढे चाले. उंचावरच्या राक्षसाला गोळी आपोआप लागे, फक्त बंदूक त्याच्या दिशेला वळवायची. जीझेडडूममध्ये माऊसने वर-खाली बघायचं असेल, तर `~` चिन्हाच्या कळीने कन्सोल उघडून `freelook 1` टाइप करायचं. एवढ्यावर थांबलात, तर ती आपोआप नेमबाजी चालूच राहते. तुम्ही उंचावरच्या बटणावर नेम धरता आणि गोळी त्याच्याखालच्या राक्षसाकडे वळते. म्हणून सोबत `autoaim 0` हवंच.

पण या सोयीने काही जुन्या नकाशांतली गंमत जाते. ‘डूम २’च्या तिसाव्या नकाशात लिफ्टवर चढून, नेमक्या उंचीला आल्यावरच, भिंतीवरच्या राक्षसी चेहऱ्याच्या कपाळातल्या भोकात रॉकेट सोडायचं असतं. माऊसने नेम वर-खाली करता आला की त्या क्षणाची वाट पाहायची गरज फारशी उरत नाही. नवे संच मात्र काही वेळा मुक्त नजर गृहीत धरूनच बांधलेले असतात, आणि तेही त्याच मजकूर-फाइलमध्ये सांगितलेलं असतं. जुना संच खेळताना मी तरी `freelook 0` करूनच बसतो.